लक्ष जातं तेव्हा कुठे जातं?

"डॉक्टर, मला एडीएचडी आहे असं वाटतंय." अलीकडे माझ्या ओपीडीत हे वाक्य बरेचदा ऐकू येतं. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलपणा आणि उतावळेपणा यांचा विकार. बोलणारी माणसं बहुतेक तिशी-चाळिशीतली असतात. ऑफिसात एकच ओळ तीनदा वाचावी लागते, किल्ल्या सापडत नाहीत, मीटिंगमध्ये मन भरकटतं, एका जागी बसवत नाही आणि साध्या गोष्टीवरून चिडचिड होते. या तक्रारी खऱ्या असतात. पण प्रौढांमधला एडीएचडी, चिंतेचा विकार आणि वर्षानुवर्षं साचलेली अपुरी झोप या तिघांतही जवळजवळ हीच यादी तयार होते. यादी पाहून निदान करायला गेलं की हमखास चूक होते.

सीमाची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. वय 34, राहायला डोंबिवली, नोकरी बीकेसीत, घरी नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. येतानाच तिने मोबाइलवर एक प्रश्नावली भरून आणली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तयार झालेली ही प्रौढांसाठीची प्राथमिक चाचणी सहा प्रश्नांची आहे. कामाचा शेवटचा टप्पा रेंगाळतो का, ठरलेल्या भेटी विसरता का, डोक्याला ताण देणारं काम टाळता का, अशा धर्तीचे ते प्रश्न. चार उत्तरं ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर पुढे तपासणी करावी, असा त्याचा अर्थ. सीमाची सहाच्या सहा वर होती.

मी तिला चिंतेची सात प्रश्नांची चाचणी दिली. तीत 21 पैकी 13 गुण आले. दहाच्या वर गेलं की चिंतेकडे नीट पाहावं लागतं. मग दिवसा येणाऱ्या झोपेची आठ प्रश्नांची चाचणी दिली. वाचताना, प्रवासात, जेवणानंतर शांत बसल्यावर डोळा लागण्याची शक्यता किती, असं तीत विचारतात. तिथे 24 पैकी 15 आले, आणि दहापर्यंत ठीक मानतात. म्हणजे तिन्ही चाचण्या मर्यादेच्या वर गेल्या. यात चाचण्यांचा दोष नाही. संशय दाखवणं एवढंच त्यांचं काम असतं. निवाडा त्या करत नाहीत, पण मोबाइलवर आकडा दिसला की तोच निवाडा वाटू लागतो.

अशा वेळी मी कागद बाजूला ठेवते आणि विचारते, "लक्ष जातं तेव्हा ते कुठे जातं?"

चिंतेने ग्रासलेल्या माणसाचं लक्ष बहुधा ठरलेल्या जागी जातं. आईचा रिपोर्ट, घराचा हप्ता, साहेबांच्या मेलमधला तो एक शब्द. मन तिथेच घिरट्या घालत राहतं आणि समोरच्या कामासाठी काही उरत नाही. एडीएचडीत लक्ष कुठेही जातं. खिडकीबाहेरच्या आवाजाकडे, मघाशी सुचलेल्या कल्पनेकडे, शेजारच्या टेबलावरच्या बोलण्याकडे. जे जास्त रंजक असेल तिकडे ते वळतं आणि दहा मिनिटांनी माणसाला मागचा धागा सापडत नाही. झोप तुंबलेल्या माणसाचं लक्ष मात्र कुठेच जात नाही, ते विझतं. मेंदू एक-दोन सेकंद डुलकी घेतो, कधी डोळे उघडे असतानाच. अशा माणसाला "काय विचार करत होतात?" असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, "काहीच नाही. वाक्याचा मधला भाग गेला."

सीमाने थोडा वेळ घेतला. म्हणाली, "दुपारी तीननंतर मधलं मधलं गायब होतं. सकाळी मात्र डोक्यात दहा गोष्टी एकदम चालू असतात. आणि रात्री आडवी झाले की आज काय विसरले असेन, तेच." एकाच दिवसात तिन्ही उत्तरं. असे रुग्ण दुर्मीळ नाहीत. अशा वेळी तिघांपैकी काय आहे, एवढं शोधून भागत नाही. कशामुळे काय झालं, हे शोधावं लागतं.

मी सुरुवात झोपेपासून करते, कारण तिथे बदल करून काही आठवड्यांत उत्तर मिळतं. सीमाला दोन आठवडे झोपेची डायरी लिहायला सांगितली. अंथरुणावर किती वाजता पडलात, अंदाजे झोप कधी लागली, उठलात कधी, चहा-कॉफी किती आणि शेवटचा कप किती वाजता. डायरीत सोमवार ते शुक्रवार रोज तेच दिसत होतं. सव्वाबाराला झोप, सव्वापाचला गजर, डबे, मुलाची शाळा, लोकल. पाच तास. शनिवार-रविवारी नऊ-साडेनऊ तास. सुट्टीला माणूस रोजच्यापेक्षा दोन तासांहून जास्त झोपत असेल तर आठवडाभराची थकबाकी बहुधा आहे असं समजावं. इथे तर चार तासांचा फरक होता. खरं तर प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते.

"मला पाच तास पुरतात, सवय झालीय," असं मुंबईत कितीतरी लोक मनापासून सांगतात. सीमाही म्हणाली. 2003 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. निरोगी माणसांना चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं आणि दिवसभर त्यांच्या लक्षाच्या चाचण्या घेतल्या. सहा तासवाल्यांची कामगिरी रोज थोडी थोडी घसरत गेली आणि अखेरीस एक अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतकी खाली आली. पण "किती झोप येतेय?" या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरं सुरुवातीला थोडी वाढून तिथेच थांबली. सवय होते ती झोप येत असल्याच्या जाणिवेची. मेंदूला कमी झोपेची सवय होत नाही. म्हणून मी रुग्णाच्या "पुरते" या शब्दापेक्षा डायरीवर विश्वास ठेवते.

डायरीतले तास पुरेसे दिसले तरी एक प्रश्न उरतो, तो झोपेच्या दर्जाचा. विरारहून येणारे 41 वर्षांचे एक गृहस्थ रोज सात तास अंथरुणात असायचे आणि लक्ष लागण्याची गोळी मागायला आले होते. गाडीत जागा मिळाली की वसईच्या आत त्यांचा डोळा लागायचा. बायकोला आत बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "घोरतात, मग एकदम शांत होतात, मला वाटतं श्वासच थांबला." रात्रभराच्या तपासणीत त्यांचा श्वास तासाला 34 वेळा अडत होता. हा स्लीप अ‍ॅप्निया, आणि तोही तीव्र. श्वास अडला की मेंदू क्षणभर जागा होतो, सकाळी माणसाला त्यातलं काहीच आठवत नाही. मास्कने हवेचा दाब देणारं मशीन सुरू झाल्यावर गोळीचा विषय त्यांनी स्वतःच सोडला. सीमा घोरत नव्हती. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घेतलं, कारण तिथल्या कमतरतेनेही माणूस असाच मंद आणि विसराळू होतो. रिपोर्ट ठीक आले.

मग तीन आठवड्यांचा प्रयोग ठरला. सीमाच्या नवऱ्याने सकाळचे डबे स्वतःकडे घेतले, तिने आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलं, दुपारी दोननंतर चहा बंद, साडेदहाला मोबाइल बाहेरच्या खोलीत. सर्वांत अवघड गेलं ते शेवटचं. "अकरानंतरचा तासच फक्त माझा असतो हो," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. तो तास तिच्याकडून नुसता काढून घेणं मला पटलं नाही. संध्याकाळी अर्धा तास सासूबाई मुलाकडे बघतील असं घरात ठरलं, तेव्हा कुठे ते जमलं.

तीन आठवड्यांनी सरासरी झोप सात तासांवर आली होती. दिवसाच्या झोपेचे गुण 15 वरून 8 झाले, चिंतेचे 13 वरून 7. दुपारी वाक्यं गायब होणं थांबलं, मुलावर ओरडणं कमी झालं. एडीएचडीच्या प्रश्नावलीत मात्र सहापैकी चार उत्तरं अजूनही वरच होती. काय उरलंय ते मी नीट विचारून घेतलं. विजेचं बिल पैसे असूनही राहिलं. वीस मिनिटांचं काम पाच मिनिटांत होईल असा अंदाज अजून चुकत होता. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती बोलत होती. मे महिन्यात गावी दहा दिवस राहिली, पोटभर झोपली, तरी दोनदा दूध उतू घालवलं आणि परतीची तिकिटं काढायची राहिली. सुट्टीत झोपेची थकबाकी फिटते. पण एडीएचडी असलेल्या माणसाच्या दिवसाला ऑफिसच्या वेळांचा जो आधार असतो तो सुट्टीत निघून जातो, आणि पसारा कधीकधी वाढतोच.

आता बालपणाकडे वळायचं होतं. एडीएचडी प्रौढपणी अचानक उगवत नाही. निदानासाठी काही लक्षणं बाराव्या वर्षाआधी आणि घर, शाळा, काम यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसलेली असावी लागतात. पण आजच्या त्रासाच्या चष्म्यातून बालपण आठवलं की तेही तसंच दिसू लागतं, म्हणून मी कागद आणि साक्षीदार दोन्ही मागते. सीमाची आई माळ्यावरच्या ट्रंकेतून तिसरीचं प्रगतिपुस्तक घेऊन आली. गुण चांगले होते. वर्गशिक्षिकेचा शेरा होता: "हुशार आहे. वर्गात लक्ष नसते. वस्तू हरवते." आईने भर घातली, "एका वर्षात तीन कंपासपेट्या आणल्या. अभ्यासाला मी शेजारी बसले तरच व्हायचा. शांत होती हो, त्रास नव्हता, म्हणून कोणी काही म्हटलं नाही." उच्छाद मांडणारा मुलगा लवकर डॉक्टरकडे येतो. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी बहुधा येत नाही.

सगळं जुळवल्यावर चित्र असं दिसलं. एडीएचडी लहानपणापासूनचा, आईच्या शिस्तीने आणि हुशारीने झाकलेला. नोकरी, मूल आणि प्रवास एकत्र आल्यावर ते झाकण निघालं. दिवसभर रेंगाळलेली कामं रात्रीवर गेली आणि झोप तुटली, तुटलेल्या झोपेने लक्ष आणखी बिघडवलं. चिंता मुख्यतः खऱ्या विसरण्यांतून आलेली होती. विनाकारण सहा-सहा महिने चालणारी, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारणारी काळजी तिच्यात नव्हती. तीन आठवड्यांनी सगळ्याच तक्रारी गेल्या असत्या आणि प्रगतिपुस्तकात काही नसतं, तर मी एडीएचडीचं निदान केलंच नसतं.

काही जण विचारतात, गोळी देऊन बघा ना, फरक पडला तर एडीएचडी. हा तर्क चुकीचा आहे. 1978 साली अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी कोणताही विकार नसलेल्या मुलांना एडीएचडीत वापरलं जाणारं अ‍ॅम्फेटामाइन हे उत्तेजक औषध दिलं, तेव्हा त्यांचंही लक्ष सुधारलं. झोप न झालेल्या माणसालाही अशा औषधाने तरतरी येते. तेवढ्याने निदान होत नाही. उलट झोपेची थकबाकी झाकली जाते आणि वाढत राहते.

रक्तदाब आणि नाडी पाहून सीमाला मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचा लहान डोस सुरू केला, सकाळच्या नाश्त्याबरोबर, कारण दुपारनंतर घेतलं तर रात्रीची झोप जाते. बिलं बँकेतून आपोआप भरली जातील अशी सोय तिने केली. झोपेची डायरी चालू आहे. दर भेटीला मी आधी तीच उघडते, आणि आठवड्याची सरासरी सहा तासांखाली गेली असेल तर "गोळी लागू पडत नाही" ही तक्रार ऐकून डोस वाढवत नाही.