प्रश्न विचारलेला नाही, तरी ‘हॅव’ पुढे का?

शाळेत इन्व्हर्जन शिकवतात ते प्रश्नापुरतं, ‘ही इज कमिंग’चं ‘इज ही कमिंग’ केलं की झालं. मग कधीतरी ‘नेव्हर हॅव आय सीन इट’ वाचायला मिळतं, प्रश्नचिन्ह नाही काही नाही आणि तरी हॅव कर्त्याच्या आधी येऊन बसलेलं. ग्रामरची गाइडं इथे एक यादी देऊन मोकळी होतात: नेव्हर, सेल्डम, हार्डली, अ‍ॅट नो टाइम, असलं काही सुरुवातीला आलं की उलटं करा. पण यादी पाठ करून भागत नाही, कारण ‘इन नो टाइम’मध्ये तोच ‘नो’ आहे आणि तिथे उलटं होत नाही: ‘इन नो टाइम ही वॉज बॅक’, म्हणजे तो लगेच परत आला.

खरी गंमत बघायची तर हे दोन घ्या. ‘विथ नो जॉब, शी वुड बी हॅपी’, म्हणजे नोकरीच नसली तर ती मजेत राहील. आता ‘विथ नो जॉब वुड शी बी हॅपी’, म्हणजे कुठलीही नोकरी द्या, ती काही खूश होणार नाही. फक्त ‘वुड’ आणि ‘शी’ची अदलाबदल झाली आणि अर्थ पार उलटा. पहिल्यात नकार फक्त नोकरीला चिकटलाय, दुसऱ्यात तो अख्ख्या वाक्यावर पसरलाय, आणि तो पसरला की इंग्रजी उलटं करते. हेल्पिंग व्हर्ब नसेल तर प्रश्नासारखंच डू, डिड आणायचं: ‘सेल्डम डिड ही स्पीक’.

नकार कुठपर्यंत पोचलाय हे कळत नसेल तर वाक्याला शेपूट लावून बघा. ‘अ‍ॅट नो टाइम वॉज ही अलोन, अँड नायदर वॉज शी’, इथे नायदर बसतं म्हणजे वाक्य नकारार्थी. ‘इन नो टाइम ही वॉज बॅक’ला मात्र ‘अँड सो वॉज शी’च लागतं, नायदर लावलं तर विचित्र वाटतं.

ही सवय जुनी आहे. जुन्या इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला काहीही आणलं तरी बऱ्याचदा क्रियापद दुसऱ्या जागी यायचं, जर्मन आणि डच अजूनही तसंच करतात, अगदी ‘काल’ने सुरुवात केली तरी. इंग्रजीने ते हळूहळू सोडलं, नकारासारख्या थोड्याच ठिकाणी ठेवलं, आणि तिथेही आता मूळ क्रियापद सहसा हलत नाही, हेल्पिंगवालंच हलतं.

‘सो’ नकारार्थी नाही तरी त्याच्यामागे हे टिकलंय, पण जपून. ‘जॉन लेफ्ट अर्ली अँड सो डिड मेरी’ म्हणजे मेरीपण लवकर गेली. कोणी म्हणालं ‘मेरी लेफ्ट अर्ली’ आणि तुम्ही म्हणालात ‘सो शी डिड’, तर दुसरं कोणी गेलेलंच नाही, तुम्ही फक्त ‘अरे हो की, गेलीच!’ म्हणताय.