निम्मी ऊर्जा गेली कुठे?

छपरावर ३ किलोवॉटचे सौर पॅनेल बसले की घरातला हिशेबी माणूस लगेच गुणाकार करतो: ऊन बारा तास, बारा त्रिक छत्तीस, म्हणजे रोजचे ३६ युनिट. फोंड्यात असो वा डिचोलीत, संध्याकाळी इन्व्हर्टरच्या पडद्यावर पंधराच्या आसपासचा आकडा दिसतो आणि पॅनेल बसवणाऱ्याला फोन जातो. त्या बिचाऱ्याचा बहुतेक वेळा काहीच दोष नसतो. चूक गुणाकाराची आहे. किलोवॉट हा ऊर्जा मिळण्याचा वेग आहे, आणि हा वेग दिवसभर एकसारखा नसतो.

एप्रिलमधला एखादा स्वच्छ दिवस घेऊ. सकाळी सातला जेमतेम ०.१ किलोवॉट, नऊला १.१, अकराला २, बाराला २.३. गोवा ७४ रेखांशाच्या आसपास आहे आणि आपले घड्याळ ८२.५ रेखांशाचे, त्यामुळे इथे सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या थोडे पुढे. म्हणून एक वाजताही २.३ किलोवॉटच मिळतात, मग दोनला २, तीनला १.६, असे उतरत उतरत सहाला पुन्हा ०.१. दर तासाची नोंद एका तासाची पट्टी धरायची आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज करायची. वर न सांगितलेल्या तासांसह ही बेरीज १५ युनिटच्या थोडी वर जाते. आलेखाच्या कमानीखाली जेवढे क्षेत्रफळ, तेवढी ऊर्जा. संकलन म्हणतात ते हेच, शाळेत त्याला घाबरायला शिकवले जाते एवढेच.

जुलैत मात्र हीच युक्ती फसते. पावसाळी आभाळात दोन ढगांच्या फटीतून ऊन पडते आणि दोन मिनिटांत नाहीसे होते. नऊ वाजताची नोंद नेमकी त्या फटीत सापडली, तर अख्ख्या तासावर ते ऊन पसरवले जाते. राशी जितक्या झपाट्याने बदलते तितकी पट्टी अरुंद हवी, ही अट पुढेही लागणार आहे. इन्व्हर्टर आणि वीजमीटर सेकंदाला अनेक नोंदी घेऊन बेरीज करतात, म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो.

हीच बेरीज टेबलावर, पाच मिनिटांत आणि धोक्याशिवाय करून पाहायची असेल तर कपॅसिटर घ्यावा. पंख्याचा नको, त्याचा संबंध घरच्या विजेशी येतो. ४७०० मायक्रोफॅरडचा, १६ किंवा २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, १० किलोओहमचा रेझिस्टर, दीड व्होल्टचे सहा सेल आणि एक मल्टिमीटर, एवढे साहित्य कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. मल्टिमीटर सोडून बाकी सगळे एकामागोमाग एकसर जोडायचे. कपॅसिटरच्या अंगावर ऋण चिन्हांचा पट्टा असतो, ती बाजू सेलच्या ऋण टोकाकडे ठेवायची. उलटे जोडले तर तो बिघडतो, कधी फुगतो.

कपॅसिटरमध्ये किती विद्युतप्रभार साठला, हे मल्टिमीटर थेट सांगत नाही. प्रवाह मात्र सांगतो, आणि प्रवाह म्हणजे प्रभार येण्याचा वेग. इथे एक सोय आहे: मीटर व्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लावला की पुरे. १० किलोओहमवर १ व्होल्ट म्हणजे १०० मायक्रोअँपिअर, त्यामुळे व्होल्टला शंभराने गुणले की प्रवाह हाती येतो. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून दर वीस सेकंदांनी आकडा टिपायचा. घटक आदर्श असतील आणि सहा सेलचे बरोबर ९ व्होल्ट होत असतील, तर नोंदी अशा येतील:

| वेळ (सेकंद) | प्रवाह (मायक्रोअँपिअर) |
|---|---|
| ० | ९०० |
| २० | ५८८ |
| ४० | ३८४ |
| ६० | २५१ |
| ८० | १६४ |
| १०० | १०७ |
| १२० | ७० |
| १४० | ४६ |
| १६० | ३० |
| १८० | २० |
| २०० | १३ |
| २२० | ८ |
| २४० | ५.५ |

दर वीस सेकंदांत प्रवाह आधीच्या सुमारे ६५ टक्के उरतो. कपॅसिटर भरत जातो तसे त्याचे व्होल्टेज वाढते, सेलशी असलेला फरक कमी होतो आणि प्रवाह मंदावतो. जो फरक प्रवाहाला ढकलतो, तो प्रवाहामुळेच घटतो. म्हणून उतार सुरुवातीला कडेलोटासारखा आणि शेवटी रेंगाळणारा.

आता बेरीज. पहिल्या वीस सेकंदांत प्रवाह ९०० होता असे धरले तर पट्टी जास्त उंच होते, ५८८ धरले तर कमी. सगळीकडे पट्टीच्या सुरुवातीचा आकडा धरला तर प्रभाराचे एकूण ५१.६ मिलिकुलंब येतात आणि शेवटचा धरला तर ३३.७. खरे उत्तर या दोहोंच्या मध्येच कुठेतरी आहे, कारण प्रवाह एकदाही वर चढत नाही. मला या पद्धतीतली ही गोष्ट फार आवडते: उत्तर माहीत नसतानाही ते कुठल्या दोन आकड्यांच्या कात्रीत आहे हे छातीठोकपणे सांगता येते. दोन्हींची सरासरी काढली, म्हणजे प्रत्येक पट्टीचा माथा तिरपा केला, की येतात ४२.७ मिलिकुलंब. कपॅसिटर भरण्याचे सूत्र सांगते की तेवढ्या वेळात ४२ यायला हवेत. म्हणजे वहीपेन्सिलीने केलेली बेरीज दीड-दोन टक्क्यांच्या आत बसली.

नोंदी वीसऐवजी साठ सेकंदांनी घेतल्या असत्या तर? ९००, २५१, ७०, २० आणि ५.५ एवढेच आकडे हाती राहतात आणि तिरप्या माथ्याच्या पट्ट्यांनीही उत्तर ४७.६ येते, म्हणजे १३ टक्के जास्त. आलेख खाली झोळ खाणारा आहे आणि तिरपी रेघ त्या झोळाच्या वरून जाते, त्यामुळे ही चूक नेहमी जास्तीच्याच बाजूला पडते. जुलैच्या ढगांत निदान चुका दोन्ही बाजूंना होतात.

४२.७ मिलिकुलंबला ९ व्होल्टने भागले की साधारण ४७४० मायक्रोफॅरड मिळतात. कपॅसिटरच्या अंगावर ४७०० लिहिलेले आहे. प्रत्यक्षात इतके जुळले नाही तरी घाबरायचे कारण नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या छापील आकड्यात २० टक्के इकडेतिकडे चालते, त्यामुळे ३८०० किंवा ५६०० निघाले तरी दुकानदाराशी भांडू नये.

भांडण व्हायचेच तर ते शेपटीवरून व्हावे. वर्षानुवर्षे कपाटात पडलेला जुना कपॅसिटर घेतला, तर पाच मिनिटांनंतरही प्रवाह शून्याकडे जायचे नाव घेत नाही. १० मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो आणि तिथेच ठाण मांडतो. हा प्रवाह साठत नाही, आतून गळून जातो. चार मिनिटांत या गळतीचे जास्तीत जास्त २.४ मिलिकुलंब बेरजेत शिरतात, आणि आपण ते साठा म्हणून मोजतो. बेरीज वाहिलेल्या प्रभाराची होते, साठलेल्या नव्हे. हे ओळखायची खूण सोपी आहे: दहा मिनिटे थांबून पाहायचे, आकडा शून्याऐवजी एका जागी स्थिरावला तर गळती आहे. नुसता साठा हवा असेल तर सेल काढून तोच कपॅसिटर त्याच रेझिस्टरमधून रिकामा करावा आणि उतरत्या प्रवाहाची पुन्हा बेरीज घ्यावी. भरतानाची आणि रिकामी करतानाची बेरीज यांतला फरक म्हणजे जवळजवळ सगळी गळतीच.

आता याच तक्त्यातून ऊर्जा काढू, कारण खरी गंमत तिथे आहे. सेलकडून निघालेला प्रत्येक कुलंब ९ व्होल्टवरून निघतो, तेव्हा सेलनी दिलेली ऊर्जा ९ गुणिले ४२.७ मिलिकुलंब, म्हणजे ०.३८ ज्यूल. कपॅसिटरला मिळालेली ऊर्जा मात्र एका गुणाकारात निघत नाही, कारण तिथे प्रवाह आणि व्होल्टेज दोन्ही बदलत असतात. प्रत्येक क्षणी दोघांचा गुणाकार करायचा, तो शक्तीचा आकडा, आणि मग पट्ट्या पाडायच्या. सुरुवातीला प्रवाह भरपूर, पण कपॅसिटरवर व्होल्टेजच नाही: शक्ती शून्य. वीस सेकंदांनी ३.१२ व्होल्ट आणि ५८८ मायक्रोअँपिअर: १.८ मिलिवॉट. चाळीसला जवळपास २. साठला १.६ आणि मग उतार. सकाळी शून्य, मध्ये माथा, शेवटी शून्य असा हा आलेख पॅनेलच्या आलेखाच्याच जातीचा, फक्त याची दुपार लवकर होते, तेहतिसाव्या सेकंदाच्या सुमारास. पट्ट्यांची बेरीज ०.१८ ज्यूल येते. सूत्राने, ½CV² ने, पूर्ण भरलेल्या कपॅसिटरसाठी ०.१९ येतात.

म्हणजे सेलनी ०.३८ दिले आणि पोहोचले ०.१९. निम्मे वाटेतच रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन गेले. ही उष्णता इतकी कमी की बोटाला कळणारही नाही, पण हिशेबात ती चोख आहे.

पहिला विचार येतो तो रेझिस्टर लहान घेण्याचा. १० ऐवजी १ किलोओहम घ्या: प्रवाह दहापट, वेळ एक दशांश, आणि नुकसान तेवढेच, ०.१९. रेझिस्टरचे मूल्य काहीही असले तरी भरताना निम्मी ऊर्जा जातेच, कारण प्रत्येक कुलंब सेलकडून ९ व्होल्टवर सुटतो पण कपॅसिटरवर उतरतो तो त्या क्षणीच्या व्होल्टेजवर. पहिला उतरतो शून्यावर, शेवटचा नऊवर, सरासरी साडेचारवर. रेझिस्टर हे नुकसान किती वेळात व्हायचे तेवढे ठरवतो.

नुकसान कमी करायचे तर तो फरकच लहान ठेवायला हवा, आणि त्यासाठी आपले सहा सेल कामी येतात. सहाही सेल एकदम न जोडता आधी दोन जोडायचे, ३ व्होल्ट. प्रवाह थांबत आला की तार चौथ्या सेलच्या टोकाला सरकवायची, ६ व्होल्ट. मग सहाव्याला. कपॅसिटर शेवटी तितकाच भरतो, त्याच ०.१९ ज्यूलने. पण आता पहिले १४ मिलिकुलंब ३ व्होल्टवरून निघाले, पुढचे ६ वरून, उरलेले ९ वरून. सेलनी दिले एकूण ०.२५ ज्यूल, आणि उष्णतेत गेले ०.०६: आधीच्या एक तृतीयांश. नऊ पायऱ्या केल्या तर नऊवा हिस्सा. तीन टप्प्यांसाठी वेगळे तीन तक्ते लिहावे लागतात आणि वेळ तिप्पट लागतो, पण रेझिस्टरवरचा सुरुवातीचा आकडा प्रत्येक वेळी ९ ऐवजी ३ व्होल्ट दिसतो, त्यातच सगळा फरक आहे.