शिरोरेषा वाकते तेव्हा

देवनागरी वाचणाऱ्याकडे डोळ्याचा पडदा तपासायचं एक साधन आयतंच असतं, ते म्हणजे शिरोरेषा. दादरच्या ६७ वर्षांच्या एक काकू माझ्याकडे आल्या त्या तिचीच तक्रार घेऊन. सकाळी पेपर वाचताना त्यांनी डावा डोळा चोळला आणि उघड्या उजव्या डोळ्याला ‘कमळ’मधला ‘म’ दिसेना. आजूबाजूची अक्षरं त्या रिकाम्या जागेकडे चिमटल्यासारखी ओढलेली. मग त्यांनी उजवा झाकला. डाव्याला सगळी अक्षरं दिसली, पण शिरोरेषा ओल्या कपड्यांनी झोल पडलेल्या दोरीसारखी. दोन्ही डोळे उघडे असताना यातलं काहीच जाणवलं नव्हतं, कारण एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढत होता.

उजव्या डोळ्यात मॅक्युलर होल होतं, डाव्यात एपिरेटिनल मेम्ब्रेन. दोन्हींची सुरुवात बहुधा एकाच ठिकाणी होते. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा काचद्रव असतो. वय वाढतं तसा तो आक्रसतो आणि पडद्यापासून सुटू लागतो. बहुतेकांच्या डोळ्यात तो गुपचूप सुटतो. पण वाचण्यासाठी आपण जी जागा वापरतो, त्या मॅक्युलाच्या मध्यबिंदूला तो चिकटून राहिला, तर ओढ बसून तिथेच भोक पडतं. सुटून गेल्यावर मागे राहिलेल्या पेशी पडद्यावर पसरल्या, तर त्यांचा पातळ पापुद्रा तयार होतो. तो आकुंचन पावला की खालच्या पडद्याला चुण्या पडतात. भोकामुळे अक्षर गळतं, चुण्यांमुळे ओळ वाकते.

ओसीटी नावाच्या तपासणीत डोळ्याला स्पर्शही न करता पडद्याचा उभा छेद दिसतो. काकूंच्या उजव्या डोळ्यातलं भोक ३४० मायक्रॉनचं होतं, म्हणजे मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढं. त्यांचा मुलगा म्हणाला, “डॉक्टर, लेझर मारून बुजवता येणार नाही का?” हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. पडद्याच्या कडेला पडलेल्या छिद्राभोवती लेझर मारतात, कारण तिथे व्रण झाला तरी चालतो. इथे मात्र वाचायची जागाच जळेल. थेंबांनी किंवा चष्म्यानेही हे भोक भरत नाही. अगदी सुरुवातीला, नुसती ओढ असते आणि पूर्ण भोक पडलेलं नसतं, तेव्हा काही डोळे आपोआप सुधारतात. म्हणून तेव्हा थांबून पाहता येतं. काकूंचं भोक आरपार होतं आणि तक्रार दोनच महिन्यांची. अशी मध्यम आकाराची, ताजी भोकं दहापैकी नऊ किंवा जास्त वेळा एकाच शस्त्रक्रियेत बंद होतात. ४०० मायक्रॉनच्या वर गेलेली किंवा वर्षानुवर्षं अंगावर काढलेली भोकं बंद झाली तरी नजर तितकी परत येत नाही. म्हणून मी थांबू दिलं नाही.

डोळ्याभोवती भूल देऊन, अर्ध्या मिलिमीटरच्या तीन छिद्रांतून काचद्रव काढला. मग पडद्यावरचा सर्वांत आतला थर निळ्या रंगाने रंगवून बारीक चिमट्याने सोलला. तो दोन-तीन मायक्रॉन जाडीचा असतो. केस त्याच्या कितीतरी पट जाड. तो निघाला की भोकाच्या कडा सैल पडून जवळ येतात. शेवटी डोळ्यात वायू भरला. वायू वर चढतो, म्हणून काही दिवस मान खाली घालून राहायचं, म्हणजे बुडबुडा नेमका भोकावर टेकतो.

वायू असेपर्यंत त्या डोळ्याला धूसरच दिसतं. मग वरच्या बाजूने उजेड दिसू लागतो आणि पाण्याच्या पातळीसारखी रेघ रोज थोडी खाली सरकते. काकूंना पुढच्या आठवड्यात महाबळेश्वरला लग्नाला जायचं होतं. मी ठाम नाही म्हटलं. मुंबई समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. हवेचा दाब घटला की बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब चढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. विमानप्रवास तर नाहीच. त्यांच्या डोळ्यातला वायू विरायला जवळजवळ तीन आठवडे लागले.

भोक बंद झालं. सहा महिन्यांत तक्त्यावरची नजर ६/३६ वरून ६/१८ वर आली. ‘म’ परत आला, किंचित आखडलेला. अशा शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदू लवकर पिकतो, तोही पुढे काढावा लागला. क्वचित कोणाचा पडदा सुटतो, त्यामुळे डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी यायला मी आधीच बजावलं होतं.

डाव्या डोळ्याला मी हात लावला नाही. त्याची नजर ६/९ आणि पेपर वाचता येतो. पापुद्रा सोलता येतो, नजर साधारण दोन ओळींनी सुधारतेही, पण त्याला महिने लागतात आणि शिरोरेषा बऱ्याचदा थोडी वाकडीच राहते. पुष्कळ पापुद्रे वर्षानुवर्षं जसेच्या तसे राहतात. म्हणून काकू आता आठवड्यातून एकदा उजवा डोळा झाकून पेपरातला तोच कोपरा वाचतात. रेघ जास्त वाकायला लागली, किंवा वाचन अडायला लागलं, की आपण हा डोळा करू, असं आमचं ठरलं आहे.