घात उतरवायचा की ठेवायचा : मुंबईच्या भरतीच्या गणितातील sin² आणि cos⁴ यांची पार्श्वभूमी

मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध होते आणि त्या दिवशी मुसळधार पाऊस आला तर सखल भागातले पाणी समुद्रात जाणार नाही, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्या यादीतील आकडे ज्या गणितातून येतात त्याच्या मुळाशी बारावीच्या पुस्तकातील दोन सूत्रे आहेत. साइनच्या वर्गाचे आणि कोसाइनच्या चौथ्या घाताचे रूपांतर त्याच कोनाच्या दुप्पट-चौपट कोनांच्या कोसाइनमध्ये कसे करावे, हे ती सांगतात. संकलन सोपे करण्याची युक्ती म्हणून विद्यार्थी ती पाठ करतात. भरतीच्या गणितात मात्र घात उतरवायचा की तसाच ठेवायचा, हा एकेकाळी खऱ्या मतभेदाचा विषय होता आणि त्याचा निकाल पूर्णपणे एका बाजूने कधी लागला नाही.

सूत्रे फार जुनी आहेत. अर्ध्या कोनाच्या ज्येचा वर्ग उत्क्रमज्येवरून काढण्याची रीत सहाव्या शतकातील भारतीय ज्योतिषग्रंथांत ज्यासारणी रचण्यासाठी वापरलेली दिसते, आणि ती आजच्या भाषेत sin²θ = (1 − cos 2θ)/2 हीच आहे. सोळाव्या शतकात युरोपातील ज्योतिषी मोठे गुणाकार टाळण्यासाठी दोन कोसाइनच्या गुणाकाराची बेरीज करून घेत असत, पण १६१४ मध्ये लॉगॅरिथम आल्यावर ती गरज संपली. प्रस्तुत विषयाशी खरा संबंध येतो तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

पृथ्वीवरील एखाद्या जागी चंद्राचा भरती उठवणारा प्रभाव मुख्यतः चंद्राच्या नतांशाच्या, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून चंद्रापर्यंतच्या कोनाच्या, कोसाइनच्या वर्गावर अवलंबून असतो. नतांश Z, जागेचे अक्षांश φ, चंद्राची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, δ आणि दिवसभरात पूर्ण फेरा करणारा होराकोन H असे धरले तर

cos Z = sin φ sin δ + cos φ cos δ cos H

आणि वर्ग केल्यावर

cos²Z = sin²φ sin²δ + ½ sin 2φ sin 2δ cos H + cos²φ cos²δ cos²H

असे तीन भाग मिळतात. शेवटच्या भागातील cos²H जसाच्या तसा ठेवला तर त्यात काय दडले आहे ते दिसत नाही. त्याच्या जागी (1 + cos 2H)/2 लिहिले की cos 2H समोर येतो. चंद्र एकदा मध्यान्हावर येऊन पुन्हा येईपर्यंत सुमारे २४ तास ५० मिनिटे जातात, म्हणून cos 2H चे एक आवर्तन सुमारे १२ तास २५ मिनिटांत पुरे होते. दिवसातून दोनदा भरती येते ती या पदामुळे. मधल्या पदात cos H असल्याने त्याचे आवर्तन दिवसातून एकदाच होते, आणि मुंबईत लागोपाठच्या दोन भरत्यांची उंची वेगळी असते ती त्याच्यामुळे. चंद्र विषुववृत्तावर असला की sin 2δ शून्य होतो आणि हा फरकही जवळपास मावळतो.

येथपर्यंत घात उतरवण्याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. इंग्लंडात १८७२-७३ मध्ये भरतीचे भाकीत करणारे पहिले यंत्र तयार झाले आणि १८७९ मध्ये हिंदुस्थानातील बंदरांसाठीचे यंत्र तयार झाले, तेव्हा तर घात उतरवणे अपरिहार्यच झाले. त्या यंत्रात प्रत्येक घटकासाठी, म्हणजे ठरावीक आवर्तनकाळाच्या प्रत्येक कोसाइन पदासाठी, एक कप्पी ठरलेल्या वेगाने वरखाली होत असे आणि सगळ्या कप्प्यांवरून गेलेली एकच तार त्यांच्या हालचालींची बेरीज करून लेखणीपर्यंत पोचवत असे. अशी तार फक्त बेरीज करू शकते, तिला वर्ग काढता येत नाही आणि गुणाकारही येत नाही. म्हणून प्रत्येक वर्गाचे, चौथ्या घाताचे आणि गुणाकाराचे रूपांतर आधी साध्या कोसाइनच्या बेरजेत करून घ्यावे लागे. अपोलो बंदरावरील समुद्रपातळीची नोंद १८७८ पासूनची आहे, म्हणजे मुंबईचे मापन आणि हे यंत्र एकाच काळातील आहेत.

मतभेद पुढच्या पायरीवर सुरू झाला. वरच्या पदातील cos²δ स्थिर नसतो, कारण चंद्र महिनाभर विषुववृत्ताच्या उत्तर-दक्षिण जात असतो. चंद्रकक्षा विषुववृत्ताशी करते तो कोन I मानला आणि कक्षा वर्तुळाकार धरली, तर cos²δ cos 2H या एका पदाचे तीन घटक होतात आणि त्यांचे गुणक cos⁴(I/2), ½ sin²I आणि sin⁴(I/2) असे येतात. तिन्हींची बेरीज बरोबर १ भरते, कारण ती cos²(I/2) + sin²(I/2) या बेरजेचा वर्ग आहे. मांडणी चुकली नाही ना, हे पाहण्याची ही सर्वांत सोपी कसोटी आहे. पहिला घटक म्हणजे १२ तास २५ मिनिटांचा मुख्य चांद्र घटक. दुसऱ्याचा आवर्तनकाळ ११ तास ५८ मिनिटे, आणि तिसरा इतका लहान की सहसा सोडून दिला जातो.

पण I हा कोनही स्थिर नाही. चंद्राचा चढता पात, म्हणजे पंचांगातील राहू, १८.६ वर्षांत एक फेरा करतो आणि त्यासोबत I सुमारे १८.३ अंशांपासून २८.६ अंशांपर्यंत बदलतो. मग cos⁴(I/2) चे काय करायचे? १८८३ मध्ये मांडल्या गेलेल्या पद्धतीत तो घात तसाच ठेवला गेला. त्याला सरासरीने भागून एक गुणक f करायचा, तो वर्षभरासाठी स्थिर मानायचा आणि दरवर्षी यंत्रातील त्या कप्पीचा आयाम नव्याने लावायचा, असा तो निर्णय होता. १९२१ मध्ये इंग्लंडातच प्रसिद्ध झालेल्या विस्ताराने याच्या उलट टोक गाठले. एकही घात शिल्लक ठेवायचा नाही, राहूच्या गतीसह सर्व काही शुद्ध कोसाइनमध्ये उतरवायचे, असे ठरवल्यामुळे घटकांची संख्या काही शेकड्यांवर गेली.

दोन्ही बाजू समजण्यासाठी cos⁴(I/2) प्रत्यक्ष उतरवून पाहणे योग्य ठरेल. पुस्तकी सूत्र असे आहे :

cos⁴θ = 3/8 + ½ cos 2θ + ⅛ cos 4θ

यात हमखास होणारी चूक म्हणजे cos²θ चा वर्ग केल्यावर आलेला cos²2θ दुसऱ्यांदा न उतरवणे. θ = 0 घेतल्यास उजवी बाजू १ आणि θ = 90° घेतल्यास ० यायला हवी, नाहीतर कुठेतरी गुणक चुकला आहे; घात राहून गेला आहे का, हे मात्र या कसोटीने कळत नाही, ते पदे पाहूनच तपासावे लागते. मात्र आपल्याला I नको आहे, राहूचे सायन भोगांश N हवे आहेत, म्हणून येथे हे सूत्र थेट न वापरता एका पायरीने जाणे सोयीचे. पृथ्वीचा अक्ष आणि चंद्रकक्षा यांच्या कलांवरून

cos I = 0.9137 − 0.0357 cos N

मिळते. यावरून cos²(I/2) = (1 + cos I)/2 = 0.95685 − 0.01784 cos N. पुन्हा वर्ग केला की

cos⁴(I/2) = 0.91556 − 0.03414 cos N + 0.00032 cos²N

आणि उरलेला cos²N उतरवला की

cos⁴(I/2) = 0.91572 − 0.03414 cos N + 0.00016 cos 2N

एका पूर्ण फेऱ्यावर संकलन करून सरासरी काढायची तर आता काहीच करावे लागत नाही. cos N आणि cos 2N यांचे संकलन शून्य होते आणि पहिली संख्या तेवढी उरते. पातामुळे भरतीच्या वेळेतही थोडा फरक पडतो, तो जमेस धरून प्रत्यक्षात 0.9154 ने भागतात आणि f = 1.0004 − 0.0373 cos N + 0.0002 cos 2N हे प्रचलित सूत्र तयार होते. sin²I ला हीच प्रक्रिया लावली तर त्याचा बदल कितीतरी मोठा, सरासरीच्या ४० टक्क्यांच्या आसपास येतो.

कागदावर १९२१ चा मार्ग अधिक निर्दोष आहे, यात शंका नाही. तरीही बंदरावर काम करणाऱ्याच्या दृष्टीने १८८३ चाच निर्णय अधिक शहाणपणाचा होता, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण नोंदीच्या लांबीत आहे. cos N चे पद मुख्य घटकाशी गुणले गेले की त्यातून मुख्य घटकाच्या अगदी शेजारचे नवे घटक निघतात, आणि त्यांच्या आणि मुख्य घटकाच्या वेगात १८.६ वर्षांत एका आवर्तनाचा फरक असतो. वर्षभराच्या नोंदीतून इतके जवळचे दोन घटक वेगळे करता येत नाहीत. जबरदस्तीने केले तर दोघांचेही आयाम अवास्तव मोठे आणि एकमेकांच्या विरुद्ध येतात, आणि पुढच्याच वर्षीची नोंद घेतली की ते पार बदलतात. ही खूण दिसली की विश्लेषणात नोंदीला न पेलणारे घटक घातले आहेत, असे समजावे. घात न उतरवता f मध्ये ठेवला की हा प्रश्नच उरत नाही. वर्षभर f स्थिर मानण्याची किंमतही फार नाही. राहू वर्षाला १९.३ अंश सरकतो, त्यामुळे वर्षाच्या मध्यावरचा f घेतला तर वर्षाच्या टोकाला जास्तीत जास्त ०.६ टक्क्यांचा फरक पडतो. मुंबईत मुख्य चांद्र घटकाचा आयाम सव्वा मीटरच्या आसपास आहे, म्हणजे चूक एका सेंटिमीटरच्या आत राहते. १९२१ नंतरही बहुतेक ठिकाणी f टिकून राहिला, तो यामुळेच.

उथळ पाण्यात मात्र या मांडणीला मर्यादा आहे. ठाण्याच्या खाडीसारख्या जागी भरतीची लाट स्वतःवरच परिणाम करते, म्हणजे पाण्याच्या गणितात पुन्हा कोसाइनचा वर्ग येतो आणि तो उतरवला की सुमारे ६ तास १२ मिनिटांचा नवा घटक मिळतो. त्याला f नव्हे तर f² लावावा लागतो. शिवाय तळाशी होणाऱ्या घर्षणामुळे राहूचा प्रत्यक्ष परिणाम सिद्धान्ताने दिलेल्या 0.0373 पेक्षा कमी भरू शकतो. तो खरोखर किती आहे, हे १९ वर्षांहून लांब नोंद असली तरच मोजता येते आणि अशा वेळी घात पूर्ण उतरवण्याची पद्धत उपयोगी पडते.

२०२५ च्या सुरुवातीला N शून्याच्या जवळ होता, त्यामुळे cos N एक होऊन f सुमारे 0.963 वर आला. २०३४ च्या सुमारास N १८० अंशांवर पोचेल तेव्हा f सुमारे 1.038 होईल. सव्वा मीटरच्या घटकावर याचा अर्थ सुमारे नऊ सेंटिमीटरची वाढ असा होतो. याच काळात दिवसातून एकदा येणारे घटक उलट लहान होत जातील, कारण त्यांच्या गुणकात cos N अधिक चिन्हाने येतो. म्हणून एखाद्या उधाणाच्या भरतीची उंची नेमकी किती बदलेल, हे मुख्य घटकावरून एकट्याने सांगता येत नाही. त्या दिवसासाठी प्रत्येक घटकाला त्याचा स्वतःचा गुणक लावून बेरीज करावी लागते.