हेड पुली मोठी करायला सांगण्याआधी हे वाचा
(एलेव्हेटरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

तुरीचा सीझन सुरू झाला की आमच्याकडे दर आठवड्याला एक तरी फोन ठरलेला. "एलेव्हेटर कमी माल देतोय. ४०० ची हेड पुली काढा, ६०० ची टाका. रोटेशन आहे तेच ठेवा." आम्ही लगेच हो म्हणत नाही. आधी चार मापं विचारतो आणि त्यावरून काही जण चिडतात. "पुली करायला एवढी चौकशी कशाला?" तर ती चौकशी कशासाठी, ते इथे एकदाच लिहून ठेवतो.

रोटेशन म्हणजे आरपीएम. शाफ्ट मिनिटाला किती वेळा फिरते, एवढंच त्यातून कळतं. हा कोनीय वेग झाला. पुलीच्या मध्याजवळचा बिंदू असो की काठावरचा, दोघांचा कोनीय वेग सारखाच असतो. पण माल काही शाफ्टवर बसून वर जात नाही, तो पट्ट्यावरच्या बादल्यांतून जातो. पट्टा सेकंदाला किती मीटर सरकतो, हा रेषीय वेग. तो आरपीएमइतकाच पुलीच्या त्रिज्येवरही ठरतो. म्हणून "रोटेशन तेच" म्हणजे "वेग तोच" असं होत नाही.

हिशोबाला एकच गोष्ट नीट समजावी लागते, ती म्हणजे रेडियन. ६०० मिमीच्या पुलीची त्रिज्या ३०० मिमी. पट्ट्यावर बादल्यांमधलं अंतरही ३०० मिमी आहे असं धरा. एक बादली जाऊन त्याच जागी दुसरी येईपर्यंत पुली जेवढी फिरते, तो कोन बरोबर एक रेडियन, म्हणजे सुमारे ५७ अंश. त्रिज्येएवढी कमान म्हणजे एक रेडियन, बस. तोच पट्टा ४०० च्या पुलीवर असेल तर त्रिज्या २०० होते. मग एका बादलीमागे पुलीला दीड रेडियन, सुमारे ८६ अंश फिरावं लागतं. सूत्रं अशी:

s = rθ
v = rω
a = rω²

पहिल्यात कमानीची लांबी, दुसऱ्यात वेग, तिसऱ्यात मध्याकडचं त्वरण. θ रेडियनमध्ये आणि ω रेडियन प्रति सेकंदात घातला तरच ही सूत्रं चालतात. आरपीएमला २π ने गुणून ६० ने भागलं की ω मिळतो. बरेच जण ω च्या जागी सरळ आरपीएम घालतात. मग ०.२ मीटर गुणिले ६० म्हणजे १२ मीटर प्रति सेकंद असं उत्तर येतं. ताशी ४३ किलोमीटर! एलेव्हेटरचा पट्टा मोटारसायकलशी शर्यत लावायला लागला की समजावं, हिशोब चुकलाय. आणि r म्हणजे त्रिज्या. कॅलिपरवर दिसतो तो व्यास असतो, त्याचं अर्धं करायचं.

आता ज्यात सगळ्यांचे दिवस वाया जातात ती चूक.

आपल्याकडच्या बहुतेक एलेव्हेटरांत बादली माथ्यावर आली की दाणा बाहेर फेकला जातो. गोल वळणाऱ्या दाण्याला मध्याकडे rω² एवढं त्वरण लागतं, आणि माथ्यावर गुरुत्वाकर्षण त्याला ९.८१ देतं. दोन्ही आकडे जवळपास सारखे असले की दाणा बादलीवर टेकायचा थांबतो आणि सुटून तोंडाकडे जातो. इथे r मोजायचा तो पुलीच्या मध्यापासून बादलीतल्या मालाच्या मध्यापर्यंत. बादली पट्ट्यापासून १०० मिमी बाहेर येत असेल तर पुलीच्या त्रिज्येत ५० मिमी मिळवायचे.

एक उदाहरण घेऊ. जुनी पुली ४०० ची, ६० आरपीएम, म्हणजे सेकंदाला बरोबर एक फेरा. ω = ६.२८. मालाची त्रिज्या ०.२५ मीटर, त्वरण ९.८७. ज्यानं हे बसवलं त्यानं विचार करून बसवलंय. पट्ट्याचा वेग १.२६ मीटर प्रति सेकंद.

आता ६०० ची पुली टाकली आणि आरपीएम ६० च ठेवले. मालाची त्रिज्या ०.३५ झाली, त्वरण १३.८. दाणा माथ्याच्या आधीच सुटतो, हेडच्या पत्र्यावर आदळतो आणि बराचसा खाली परततो. डाळीचा चुरा वाढतो तो वेगळाच.

मग काही फिटर उलट करतात. पट्ट्याचा वेग जुना १.२६ च राहावा म्हणून आरपीएम ४० वर आणतात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण ω = ४.१९ आणि त्वरण फक्त ६.१. दाणा वेळेवर सुटत नाही, तोंड ओलांडून उतरत्या बाजूने बूटमध्ये पडतो. पट्ट्याचा वेग तोच असला तरी मोठ्या पुलीवर वळण सैल होतं, म्हणून त्वरण कमी पडतं. दोन्ही वेळी बूट भरतो आणि मोटर जास्त अँपिअर खेचते. मग दोष बादल्यांना दिला जातो, आणि आमच्याकडे नव्या बादल्यांची ऑर्डर येते. (ती आम्ही घेतो, पण आधी सांगतो.)

कोणती चूक झालीय, ते उघडून पाहिलं की कळतं. हेडच्या पत्र्यावर टपटप आवाज, आतून पत्रा घासून चकचकीत आणि मालात चुरा, म्हणजे आरपीएम जास्त. हेड शांत पण उतरत्या पाइपात सतत दाणे पडताना ऐकू येतात, म्हणजे आरपीएम कमी.

बरोबर आकडा काढायचं सूत्र सोपं आहे. ३० ला मालाच्या त्रिज्येच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाने भागा. ०.३५ चं वर्गमूळ ०.५९, म्हणून आरपीएम सुमारे ५०.७. पट्ट्याचा वेग तरीही १.५९ होतो, जुन्यापेक्षा पाव पटीने जास्त. म्हणजे पुली मोठी करून फायदा होतोच, पण आरपीएम उतरवल्यावर. १४४० ची मोटर आणि २० चा गिअरबॉक्स असेल तर बाहेर ७२ येतात. तिथे ५ इंची आणि ७ इंची व्ही-बेल्ट पुल्या लावल्या की ५१ मिळतात, तेवढं पुरेसं आहे. गिअरबॉक्स बदलायची गरज नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण तिथेच लोक विनाकारण पैसे घालतात.

एक त्वरण राहिलं, मोटर सुरू होतानाचं. पट्टा शून्यापासून वेग घेतो तेव्हा ते काठाला लागून, पट्टा सरकतो त्या दिशेने असतं, मध्याकडे नव्हे. तीन सेकंदांत ६० आरपीएम गाठले तर ४०० च्या पुलीवर ते ०.४२ येतं. दाण्याच्या फेकीशी त्याचा संबंध नाही. पण भरलेल्या बूटवर मोटर सुरू केली की पट्ट्याचे जोड तिथेच तुटतात, म्हणून आधी बूट रिकामा करा.

हा हिशोब फेकणाऱ्या एलेव्हेटरचा आहे. मंद चालणाऱ्या, माल अलगद ओतणाऱ्या एलेव्हेटरला तो लावू नका.

फोन करण्याआधी एवढं मोजून ठेवा. हेड शाफ्टला खडूची खूण करा, चालू स्थितीत लांबूनच बघून एक मिनिट फेरे मोजा. मोटरच्या पाटीवरून काढू नका, बेल्ट सरकतो. पुढचं मोजायला मोटर बंद करून मेन स्विच काढा. पुलीला रबराचं लॅगिंग असेल तर त्यावरूनच सुतळीने परीघ मोजा आणि ३.१४ ने भागा. १० मिमी लॅगिंगने व्यास २० मिमीने वाढतो, तो बहुतेक जण विसरतात. मग बादली किती बाहेर येते ते आणि शाफ्टचा व्यास. एवढी मापं असली तर हिशोबाचे पैसे आम्ही घेत नाही, आणि पुली बोअर व चावीगाळा करून, बॅलन्स करूनच देतो. मापं नसतील तर आमचा माणूस येऊन घेईल, पण सीझनमध्ये त्याला तीन-चार दिवस लागतात.