घनपाठ आणि हिफ़्ज़: चूक पकडतं कोण?

वेद मुखोद्गत असलेला घनपाठी आणि कुरआन मुखोद्गत असलेला हाफ़िज़ यांना आपण सहज एका पंगतीत बसवतो. दोघांचंही पाठांतर अक्षरशः असतं, दोघेही गुरूच्या तोंडून शिकतात. पण स्मरणशक्ती दगा देते तेव्हा काय होतं हे पाहिलं, की दोन्ही पद्धती फार वेगळ्या दिसतात.

वेदाची संथा आधी संहितेची, म्हणजे सलग मंत्राची असते. मग संधी सोडवून सुटी पदं म्हणायची, तो पदपाठ. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेची पदं 'अग्निम् । ईळे । पुरोहितम्' अशी पडतात. पुढे क्रम, जटा आणि शेवटी घन. घनात ही तीन पदं अशी येतात: 'अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे पुरोहितं पुरोहितमीळेऽग्निमग्निमीळे पुरोहितम्'. पदांना आकडे दिले तर १२, २१, १२३, ३२१, १२३. मग एक पद पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. मधलं प्रत्येक पद अशा तीन गटांत येतं आणि एकूण १३ वेळा उच्चारलं जातं.

उलट्या क्रमाला अर्थ नसतो, आणि नेमका तोच त्याचा उपयोग आहे. सरळ म्हणताना जीभ सवयीने धावते, एखादं पद गळलं तरी लय ते झाकून टाकते. उलट म्हणताना सवय कामाला येत नाही. शिवाय शेजारचं पद बदललं की संधी बदलतो, स्वरही बदलतो. पदपाठात 'ईळे'ची दोन्ही अक्षरं अनुदात्त, म्हणजे खालच्या स्वरातली आहेत, पण 'अग्निम्'च्या मागोमाग आलं की त्याचा 'ई' स्वरित, म्हणजे चढून उतरणारा होतो. पदाचा मूळ स्वर चुकीचा पाठ असेल, तर कुठल्या तरी जोडीत तो उघडा पडतोच.

याची मर्यादाही स्पष्ट आहे. घन पदपाठावर उभा असतो, तेव्हा पदं तोडतानाच चूक झाली असेल तर घन तीही तितक्याच निष्ठेने जपेल. ऋग्वेदाच्या १० व्या मंडलात 'वने न वायो न्यधायि' अशी ओळ आहे (१०.२९.१). पदपाठकार शाकल्याने 'वायो'चे 'वा' आणि 'यः' असे दोन तुकडे केले. निरुक्त या वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या ग्रंथात यास्क हे खोडून काढतो. 'यः', म्हणजे 'जो', असलेल्या वाक्यात क्रियापद उदात्त, म्हणजे चढ्या स्वराचं व्हायला हवं, आणि इथे ते तसं नाही. शिवाय अर्थही अपुरा राहतो. म्हणून पद एकच: 'वायः', पक्ष्याचं पिल्लू. मला हे उदाहरण फार आवडतं. तोंडी जपलेला स्वर इथे पुरावा झाला आणि त्याच्या जोरावर परंपरेतल्याच माणसाची चूक दाखवता आली. वैदिकांना अर्थाचं सोयरसुतक नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी पाणिनीय शिक्षा हा उच्चारशास्त्राचा ग्रंथही पाहावा. तिथे सहा अधम पाठकांत अर्थ न जाणणारा आहे. लिहिलेलं पाहून वाचणाराही त्याच यादीत आहे.

हिफ़्ज़मध्ये, म्हणजे कुरआनच्या पाठांतरात, असा उलटा पाठ नाही. आयतीतल्या, म्हणजे कुरआनच्या वचनातल्या, शब्दांचा क्रम मोडायचाच नसतो, त्यामुळे राखण बाहेरून होते. भारतीय उपखंडातल्या मदरशांत दिवसाचे तीन भाग पडतात: नवा धडा म्हणजे सबक, नुकतंच झालेलं सबकी आणि जुन्याची फेरी म्हणजे मंज़िल. फेरी थांबली की पाठ निसटू लागतो. लिखित प्रत इथे कमीपणाची नाही, उलट आधाराची आहे. अनेक विद्यार्थी शेवटपर्यंत एकच प्रत वापरतात, कारण आयत पानावर कुठे आहे हेही लक्षात राहिलेलं असतं.

खरी अडचण मिळत्याजुळत्या आयतींची. त्यांना मुतशाबिहात म्हणतात. गरिबीपायी मुलांना मारू नका, ही आज्ञा दोनदा येते. सहाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात (६:१५१) 'तुम्हांला आणि त्यांना आम्ही पोसतो' असं आहे, तर सतराव्यात (१७:३१) 'त्यांना आणि तुम्हांला'. अरबीत फरक दोन सर्वनामांच्या अदलाबदलीचा. इथे गल्लत झाली तर लय बिघडत नाही, व्याकरण बिघडत नाही, म्हणणाऱ्याला आतून काही खटकतही नाही. तो बेमालूम दुसऱ्या सूरेत शिरू शकतो.

अरबी जाणणाऱ्याला अर्थ वाचवतो. सहाव्या सूरेत गरिबी आलेलीच आहे, म्हणून आधी आईबापांच्या पोटाची हमी. सतराव्यात ती येईल अशी भीती आहे, म्हणून आधी मुलांच्या. अनेक भाष्यकारांनी हा फरक असाच उलगडला आहे. अरबी न कळणाऱ्या हाफ़िज़ला हा आधार नसतो, आणि असे हाफ़िज़ पुष्कळ आहेत. त्याला अशा जोड्या मुद्दाम वेगळ्या घोकाव्या लागतात. रमज़ानमधल्या रात्रीच्या नमाज़ात, तरावीहमध्ये, इमामाच्या मागे दुसरा हाफ़िज़ ऐकत उभा असतो तोही यासाठीच. इमाम घसरला की तो बरोबर शब्द मोठ्याने पुरवतो. याला लुक़मा देणं म्हणतात. इमाम तिथूनच मागे येऊन आयत नीट म्हणतो आणि पुढे जातो.