सणासुदीच्या ई-मेल शीर्षकांची तुलनात्मक चाचणी

एकच ई-मेल दोन वेगवेगळ्या शीर्षकांनी ग्राहकांच्या दोन गटांना पाठवून कोणते शीर्षक अधिक परिणामकारक ठरले हे मोजण्याच्या पद्धतीला व्यवहारात ‘ए/बी टेस्टिंग’ म्हणतात. येथे शीर्षक म्हणजे मेल उघडण्यापूर्वी इनबॉक्समध्ये दिसणारी विषयओळ, म्हणजेच सब्जेक्ट लाइन. मेलमधील मजकूर, छायाचित्रे, किंमत, पाठवणाऱ्याचे नाव आणि पाठवण्याची वेळ दोन्ही गटांसाठी तंतोतंत सारखी ठेवतात, फक्त विषयओळ बदलते. सणाच्या काळात ही चाचणी जास्त केली जाते, आणि तिचा निकाल चुकीचा लावला जाण्याची शक्यताही याच काळात सर्वाधिक असते, कारण निर्णयाला वेळ थोडा असतो आणि ग्राहकांचे वागणे दिवसागणिक बदलत असते.

चाचणीचा पाया यादृच्छिक वाटणीवर आहे. कोणत्या ग्राहकाला कोणते शीर्षक जाईल हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरले, तरच दोन गटांमध्ये शीर्षकाखेरीज कोणताही पद्धतशीर फरक उरत नाही. हे तत्त्व शेतीच्या प्रयोगांतून आले. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात ते मांडले. भारतीय कृषी संशोधनात अशा सांख्यिकी पद्धती रुजवणाऱ्यांमध्ये पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे ही दोन मराठी नावे अग्रगण्य आहेत. शेतात जसा एका कोपऱ्याचा कस दुसऱ्यापेक्षा चांगला असतो, तशीच ग्राहकांची यादीही एकसारखी नसते. तिच्या वरच्या भागात बहुधा जुने, नियमित खरेदी करणारे लोक असतात, त्यामुळे यादीचा पहिला अर्धा भाग एका शीर्षकाला आणि उरलेला दुसऱ्याला दिल्यास निकाल आधीच झुकलेला असतो. परदेशस्थ ग्राहकांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. ऑक्टोबरात भारतातून सकाळी ९ वाजता पाठवलेला मेल न्यू जर्सीत आदल्या रात्री साडेअकराला पोहोचतो, म्हणून देशानुसार यादी वेगळी करून प्रत्येक देशाच्या आत स्वतंत्र वाटणी करणे अधिक चांगले. एकाच घरातील दोन पत्ते शक्यतो एकाच गटात ठेवावेत, कारण फराळाची मागणी घरामागे एकदाच नोंदवली जाते.

प्रत्यक्ष निकाल कसा लावावा हे एका कल्पित पण व्यवहारात सहज आढळेल अशा उदाहरणावरून पाहता येईल. घरगुती फराळ घरपोच देणाऱ्या एका व्यवसायाकडे २४,००० ग्राहकांचे पत्ते आहेत असे धरू. दिवाळीपूर्वी पाठवायच्या मेलसाठी दोन शीर्षके तयार आहेत. शीर्षक अ असे आहे: ‘फराळ घरपोच, मागणी वसुबारसेपर्यंत’. शीर्षक ब असे आहे: ‘यंदाच्या डब्यात काय काय आहे, पाहिलंत का?’ पहिले काय मिळेल आणि कधीपर्यंत, हे सरळ सांगते, तर दुसरे कुतूहल चाळवते. चाचणीसाठी प्रत्येकी ४,००० ग्राहक निवडले जातात आणि उरलेल्या १६,००० जणांना विजेते शीर्षक पाठवायचे ठरते.

समजा, अ शीर्षकाचा मेल ८२० जणांनी उघडला, म्हणजे २०.५ टक्के, आणि ब शीर्षकाचा ९०० जणांनी, म्हणजे २२.५ टक्के. फरक २ टक्केबिंदूंचा आहे. दोन्ही शीर्षके प्रत्यक्षात सारखीच असती, तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात सुमारे तीन वेळा दिसला असता. योगायोगाची ही शक्यता पाच टक्क्यांपेक्षा कमी असावी, या प्रचलित कसोटीवर हा फरक टिकतो, आणि मेल पाठवणारी बहुतेक सॉफ्टवेअरे येथेच ब विजयी असल्याचे दाखवतात. मात्र फरकाची संभाव्य व्याप्ती काढली, तर ती सुमारे ०.२ पासून ३.८ टक्केबिंदूंपर्यंत येते. ब अधिक उघडला जातो असे म्हणायला आधार आहे, पण किती अधिक, हे या चाचणीतून फारच ढोबळपणे कळते.

आता मागण्या पाहू. अ गटातून ६४ मागण्या आल्या, म्हणजे १.६ टक्के, आणि ब गटातून ५२, म्हणजे १.३ टक्के. चित्र उलटे झाले. परंतु हा ०.३ टक्केबिंदूंचा फरक कसोटीवर टिकत नाही, कारण शीर्षके सारखी असतानाही एवढी तफावत शंभरात सुमारे २६ वेळा दिसू शकते. अ चांगले आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि ब जिंकले असे म्हणणेही चूक आहे. ‘उघडण्यात ब पुढे, विक्रीच्या बाबतीत निकाल लागलेला नाही’ हाच या आकड्यांचा प्रामाणिक अर्थ आहे. हा भेद किरकोळ नाही. अ खरोखरच एवढे सरस असेल आणि उरलेल्या १६,००० जणांना ब पाठवले गेले, तर सुमारे ४८ मागण्या हातच्या जातील.

येथे एक फसवे गुणोत्तर अनेकदा पुढे केले जाते. मागण्यांना उघडणाऱ्यांच्या संख्येने भागले, तर अ साठी ७.८ टक्के आणि ब साठी ५.८ टक्के मिळतात, आणि अ स्पष्टपणे सरस वाटते. पण मेल कोणी उघडला हे शीर्षकानेच ठरवलेले असते. कुतूहलापोटी आलेले वाचक आणि मागणीची मुदत वाचून आलेले वाचक हे चिठ्ठी टाकून निवडलेले गट राहिलेले नाहीत. म्हणून भागाकार नेहमी पोहोचलेल्या मेलच्या संख्येने करावा.

उघडण्याचे प्रमाण हा मुळातही कच्चा निकष आहे. मेलमध्ये ठेवलेले एक अदृश्य, एका पिक्सेलचे चित्र सर्व्हरवरून उतरवले गेले की मेल उघडला, अशी नोंद होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आयओएस १५ सोबत मेलसाठी गोपनीयतेची एक सुविधा आणली. ती चालू असलेल्या ग्राहकांच्या मेलमधील चित्रे ॲपलचे सर्व्हर परस्पर उतरवतात, मग माणसाने मेल वाचलेला असो वा नसो. अशा खोट्या नोंदी दोन्ही गटांत साधारण सारख्याच भरतात. त्यामुळे उघडण्याचे एकूण प्रमाण फुगते, पण शीर्षकांमधील खरा फरक आहे त्याहून लहान दिसतो. दुव्यावर केलेले क्लिक हा त्यापेक्षा बरा निकष आहे, तरी कार्यालयांतील सुरक्षा प्रणाली मेल तपासताना स्वतःच दुवे उघडून पाहतात. मेल पोहोचल्यावर काही सेकंदांतच एकाच पत्त्यावरून मेलमधील सर्व दुव्यांवर क्लिक झालेले दिसले, तर ते माणसाने केलेले नाहीत असे समजून दोन्ही गटांतून सारख्याच नियमाने वगळतात.

मागणी हा निकष सर्वांत विश्वासार्ह खरा, पण तो महागही आहे, कारण मागण्या विरळ असतात. १.३ आणि १.६ टक्क्यांमधला फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे २५,००० ग्राहक लागतात. वरील व्यवसायाची अख्खी यादीही तेवढी नाही. याउलट २० आणि २२ टक्के उघडण्यातील फरक पकडायला प्रत्येकी सुमारे ६,५०० पुरतात. हे गणित मेल पाठवण्यापूर्वी करायचे असते. यादी पुरणार नाही हे आधीच कळले, तर काही शे लोकांवर चाचणी करून विजेता घोषित करण्याचा मोह टळतो.

निकाल बिघडवणारी दुसरी सवय म्हणजे तासातासाला आकडे पाहणे आणि फरक कसोटीवर टिकताना दिसला की लगेच थांबणे. पाच टक्क्यांची कसोटी ठरलेल्या संख्येवर एकदाच लावण्यासाठी असते. संख्याशास्त्रज्ञ पीटर आर्मिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले, की जमत जाणाऱ्या आकड्यांवर तीच कसोटी पाच वेळा लावली, तर खोटा विजेता सापडण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांवर जाते, आणि दहा वेळा लावली तर सुमारे १९ टक्क्यांवर. सणाच्या घाईत दोन तासांनी निकाल लावणाऱ्याला आणखी एक अडचण येते. पहिल्या दोन तासांत मेल उघडणारे लोक फोन हातात असलेले, तत्पर ग्राहक असतात, तर फराळाची मागणी बहुधा घरात विचारून, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी नोंदवली जाते. थांबण्याची वेळ आणि निकष हे दोन्ही आधी लिहून ठेवले असतील, तरच शेवटी निघालेल्या आकड्याला अर्थ राहतो.

देवनागरी शीर्षकांसाठी पाठवण्यापूर्वीची एक तांत्रिक तपासणी आवश्यक आहे. मेलच्या शीर्षभागात देवनागरी अक्षरे थेट न जाता सहसा सांकेतिक रूपात जातात. उदाहरणार्थ, ‘दिवाळी’ हा शब्द असा दिसतो:

```
Subject: =?UTF-8?B?4KSm4KS/4KS14KS+4KSz4KWA?=
```

असा एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा लांब असू नये, असा नियम आहे. काना, मात्रा आणि वेलांटी स्वतंत्र धरून प्रत्येक देवनागरी चिन्हाला चार सांकेतिक चिन्हे लागतात, त्यामुळे एका तुकड्यात जेमतेम १५ देवनागरी चिन्हे मावतात. लांब शीर्षकाचे त्यामुळे अनेक तुकडे होतात. एखाद्या सॉफ्टवेअरने तुकडा चिन्हाच्या मधोमध तोडला, तर वाचकाला त्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. फक्त लांब शीर्षकाच्या बाबतीत हे घडले, तर ते शब्दांमुळे हरले की तुटक्या अक्षरांमुळे, हे आकड्यांवरून कधीच कळणार नाही. म्हणून दोन्ही शीर्षके आधी दोन-तीन वेगवेगळ्या मेल ॲपमध्ये स्वतःला पाठवून डोळ्यांनी पाहावीत.

निष्कर्षाची मर्यादाही ओळखावी लागते. अ आणि ब या शीर्षकांत मुदत, स्वर आणि लांबी अशा तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. त्यामुळे अ जिंकले, तरी ‘मुदत लिहिल्याने विक्री वाढते’ असे सिद्ध होत नाही. त्यासाठी केवळ ‘मागणी वसुबारसेपर्यंत’ एवढेच शब्द असलेली आणि नसलेली, एरवी एकच असलेली ओळ तपासावी लागेल. तसेच वसुबारसेपूर्वीचा निकाल पाडव्याच्या भेटवस्तूंच्या मेलला लागू होईल असे धरता येत नाही, कारण तोपर्यंत फराळ घरात आलेला असतो आणि खरेदीचे कारण बदललेले असते.

यादी लहान असेल, तर विजेता निवडून उरलेल्यांना पाठवण्याचा बेतच सोडून संपूर्ण यादी निम्मी-निम्मी वाटणे श्रेयस्कर ठरते. वरील व्यवसायाने प्रत्येकी १२,००० जणांना मेल पाठवले, तर ८० टक्के खात्रीने सुमारे ०.४३ टक्केबिंदूंचा फरक पकडता येईल. तीच जोडी पुढील दिवाळीत पुन्हा चालवून दोन्ही वर्षांतील फरक एकत्र मांडले, तर त्याहून लहान फरकही दिसू शकतो. मात्र प्रत्येक वर्षाचा फरक त्या-त्या वर्षाच्या दोन गटांमध्येच काढावा. एका वर्षाचे अ दुसऱ्या वर्षाच्या ब शी ताडून पाहिले, तर भाव, हवामान आणि सणाची तारीख यांचा परिणाम शीर्षकाच्या नावावर मांडला जातो.